उंबरठ्यावरचा काळ



आजच्या विषयाचे नाव परके आहे, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. ‘क्रोनोटोप’ असे ते नाव. ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ आणि ‘टोपोस’ म्हणजे स्थळ. ह्या दोन शब्दांचा सांधा जुळवून हा शब्द बनवलेला आहे. आपण त्याला मराठीत ‘काळस्थळ’ म्हणू. मध्ये ‘आणि’ घालायचा नाही. कादंबरीत काळ आणि स्थळ ह्या दोन निराळ्या वस्तू नसून एकाच वस्तूची दोन अंगे असतात, असे ज्याला म्हणायचे आहे त्याला मधला ‘आणि’ परवडत नाही.

सभेत महाविद्यालयांतले विद्यार्थी बरेच दिसतात. त्यांना ह्या कल्पनेवर निबंध लिहावा लागतो, आणि तो लिहिताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. व्याख्या पाठ असते. पण समोरच्या कादंबरीला ती लावायची कशी, हे कळत नाही. म्हणून आज मी व्याख्येवर फार वेळ घालवणार नाही. एकच कादंबरी घेऊन, तिच्यातल्या जागा एकेक करून पाहू, आणि त्यातून निबंधाचे एक विधान कसे निघते ते तपासू.

ही कल्पना साहित्यविचारात आणली मिखाईल बाख्तिन ह्या रशियन पंडिताने. त्याचा जन्म 1895 चा. 1930 नंतरची काही वर्षे त्याने कझाकस्तानात हद्दपारीत काढली, आणि तेथून सुटल्यावर 1937-38 च्या सुमारास कादंबरीतील काळस्थळाविषयीचा आपला दीर्घ निबंध लिहिला. 1973 साली त्याने त्याला समारोपाचे प्रकरण जोडले, आणि तो ग्रंथात समाविष्ट होऊन निघाला 1975 साली. त्याच वर्षी बाख्तिन वारला. शब्द मात्र त्याचा स्वतःचा नव्हे. 1925 च्या उन्हाळ्यात त्याने उख्तोम्स्की ह्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे एक व्याख्यान ऐकले होते. त्यात जीवशास्त्रातील काळस्थळाचा विचार होता. आइन्स्टाइनच्या सापेक्षतासिद्धांताशीही ह्या शब्दाचे नाते आहे. परंतु शास्त्रातला अर्थ आपण घेत नाही, जवळजवळ रूपक म्हणूनच हा शब्द उसना आणतो, असे बाख्तिनने स्पष्ट करून ठेवले आहे. तेव्हा निबंधात सापेक्षतासिद्धांतावर पानभर लिहिण्याचे कारण नाही.

मग ह्या शब्दाने नवे काय सांगितले? आपण शाळेपासून ‘पार्श्वभूमी’ हा शब्द वापरीत आलो. नाटकात मागे पडदा असतो, त्यावर राजवाडा किंवा अरण्य रंगवलेले असते, आणि पुढे पात्रे बोलतात. कादंबरीतले स्थळ म्हणजे असाच मागचा पडदा, असे आपण धरून चालतो. बाख्तिनचे म्हणणे असे की, कादंबरीतली महत्त्वाची जागा पडद्यासारखी मागे उभी नसते. त्या जागेत काळ एका विशिष्ट गतीने चालतो, आणि त्या गतीवरच तेथे काय घडू शकेल व काय घडू शकणार नाही हे ठरते. जागा ही घटनेची परवानगी असते, असे म्हटले तरी चालेल.

प्राचीन ग्रीक प्रेमकथांचे त्याने दिलेले उदाहरण पाहा. त्या कथांत नायक-नायिकांची पहिल्या भेटीतच प्रीती जडते, आणि लगेच ताटातूट होते. मग जहाजे फुटतात, चाचे पकडून नेतात, गुलामगिरी येते, एका देशातून दुसऱ्या देशात फरफट होते, आणि शेवटी लग्न होते. एवढा सगळा काळ जातो. पण दोघे तितकीच तरुण, तितकीच सुंदर, आणि मनाने पूर्वी होती तशीच! काळाने त्यांच्यावर ओरखडाही काढलेला नसतो. आणि देश? चाच्यांनी इजिप्तच्या किनाऱ्यावर पकडले काय किंवा दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर पकडले काय, गोष्टीत काही फरक पडत नाही. काळ खूण ठेवीत नाही आणि जागा अदलाबदल करता येते, ह्या दोन गोष्टी तेथे योगायोगाने एकत्र आलेल्या नाहीत. एक आहे म्हणूनच दुसरी आहे. हेच काळस्थळ.

आता आपले उदाहरण. डोस्टोएव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी 1866 साली एका रशियन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पीटर्सबर्गमधला रास्कोल्निकोव्ह हा शिक्षण सोडून दिलेला गरीब विद्यार्थी, गहाणावर पैसे देणाऱ्या अल्योना इव्हानोव्हना ह्या म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो. त्याच वेळी तिची बहीण लिझावेता अवचित आत येते, आणि तिलाही मारतो. पुढे सोनिया ह्या मुलीजवळ तो ते सांगतो, शेवटी पोलिसांपुढे कबूल करतो, आणि त्याला सैबेरियात आठ वर्षांची सक्तमजुरी होते.

निबंध लिहिणाऱ्याने पहिले काम हे करावे : कागदावर फक्त जागा लिहून काढाव्यात. पात्रे नकोत, विचार नकोत. कोणती महत्त्वाची घटना नेमकी कोठे घडली एवढेच. मनातल्या मनात हे करू नये, कारण मन पुस्तकातल्या जागा सोडून आपल्याला सोयीच्या जागा आठवते.

रास्कोल्निकोव्हची खोली घराच्या अगदी छपराखाली आहे. खोली कसली, कपाटच. बाहेर पडायचे तर खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरावरून जावे लागते, आणि त्या स्वयंपाकघराचे दार जिन्यावर बहुधा उघडेच असते. भाडे थकलेले, म्हणून तो प्रत्येक वेळी चोरासारखा उतरतो. तेथपर्यंत तेरा पायऱ्या. त्याच्या फाटकापासून म्हातारीच्या घरापर्यंत नेमकी 730 पावले. ती त्याने मोजलेली आहेत. म्हातारीचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. दार उघडते ते बोटभर फटीएवढेच, आणि त्या फटीतून तिचे डोळे दिसतात. खून झाल्यावर दोन माणसे दाराशी येतात, घंटा वाजवतात, दार ओढतात. आतून हा श्वास रोखून उभा, आणि मध्ये फक्त एक कडी. ती माणसे खाली जाताच हा जिन्यावर येतो, पण वर येणाऱ्यांची पावले ऐकू येतात. दुसऱ्या मजल्यावर रंगकाम चाललेले एक रिकामे बिऱ्हाड आहे. रंगारी नुकतेच बाहेर पळालेले. त्याच्या उघड्या दाराआड तो उभा राहतो, माणसे वर जातात, आणि तो निसटतो.

पुढची पाने घ्या. काही दिवसांनी तो पुन्हा त्याच बिऱ्हाडाच्या दाराशी जाऊन तीच घंटा वाजवतो. त्याचा मित्र रझुमिखिन ह्याला सत्याची जाणीव होते ती कोठे? एका बोळकांडीत, दिव्याजवळ, दोघे एकमेकांकडे मिनिटभर मुकाट्याने पाहत उभे असताना. सोनियाजवळ तो कबुली देतो ती तिच्या खोलीत. पण त्या खोलीला शेजारच्या रिकाम्या खोलीचे एक बंद दार आहे, आणि त्या दारामागे खुर्ची टाकून स्विद्रिगाइलोव्ह ऐकतो आहे.

यादी पुरी झाली की तिच्याकडे पाहावे. एक गोष्ट नजरेत भरल्यावाचून राहत नाही. दार, फट, कडी, जिना, बोळकांडे, दाराआडची जागा! ज्याला आपण ‘घर’ म्हणतो, जेथे माणूस बसतो, जेवतो, म्हातारा होतो, अशी जागा ह्या यादीत जवळजवळ नाही. नायकाची स्वतःची खोलीही घर नव्हे. तिला तो सहसा कडी लावीत नाही, आणि कोणीही केव्हाही आत येतो. ती जिन्याच्याच एका टप्प्यासारखी आहे. बाख्तिनने ह्या सगळ्याला उंबरठ्याचे काळस्थळ असे नाव दिले आहे. आपल्याला ते समजायला कठीण जाऊ नये. उंबरठा ओलांडणे, उंबरठ्यावर येऊन उभे राहणे, हे शब्दप्रयोग आपण घराविषयी करतो आणि आयुष्याविषयीही करतो. भाषेने ही जोड आधीच करून ठेवलेली आहे; कादंबरीकाराने तिच्यात माणसे राहायला आणली.

आता दुसरे काम. प्रत्येक जागेपुढे एकच प्रश्न लिहावा : येथे काळ कसा चालतो? पुष्कळ निबंध येथेच कोसळतात, कारण लिहिणारा जागांचे वर्णन करून थांबतो. काळाचा हिशेब दिला नाही तर तो निबंध काळस्थळावरचा होत नाही.

हिशेब असा आहे. पीटर्सबर्गमधली सारी कथा जुलैच्या उकाड्यात सुमारे पंधरवड्यात आटोपते, आणि त्यातलेही काही दिवस नायक तापाच्या ग्लानीत घालवतो. ते दिवस त्याच्या आयुष्यातून गळूनच पडतात. खुनाच्या दिवशीचे घड्याळ पाहा. लिझावेता दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास घरी नसेल, हे त्याने आदल्या संध्याकाळी बाजारात सहज ऐकलेले असते. सात ही वेळ अशी ठरली. पण त्या दिवशी तो झोपेत आणि ग्लानीत पडून राहतो, सहा केव्हाच वाजून गेल्याचे कोणाच्या तरी ओरडण्यातून त्याला कळते, मग सारी धावपळ सुरू होते. कुऱ्हाड ठरल्या ठिकाणी मिळत नाही. वाटेत एका दुकानातल्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झालेली दिसतात. ज्या गोष्टीचा त्याने महिनाभर विचार केला, ती प्रत्यक्षात उशिराने, घाईने, एका निसटत्या घटकेत होते. आणि उलट, दाराची कडी हलत असताना आतला एकेक क्षण असा ताणला जातो की वाचकालाही श्वास घेता येत नाही.

म्हणजे उंबरठ्यावर काळाला लांबी नाही. तेथे क्षण आहे, पण त्या क्षणाला काल नाही आणि उद्या नाही. माणूस तेथे वाढू शकत नाही, शिकू शकत नाही, सवयीने शहाणा होऊ शकत नाही. तो फक्त ह्या बाजूचा त्या बाजूला जाऊ शकतो. टॉलस्टॉयच्या कादंबऱ्यांत माणसे वाड्यांतून आणि जमीनदारी घरांतून राहतात, मुले मोठी होतात, माणसे हळूहळू बदलतात. तेथला काळ वर्षांचा आहे. हा फरक दोन लेखकांच्या आवडीनिवडीचा नाही; दोन प्रकारची घटना घडू देणाऱ्या दोन प्रकारच्या जागांचा आहे.

तिसरे काम म्हणजे कसोटी. आपण जे काळस्थळ म्हणून दाखवतो आहोत ते खरोखर तसे आहे की नुसते वर्णन आहे, हे ओळखायचे कसे? घटना तेथून उचलून दुसरीकडे ठेवून पाहावी. लिझावेताचा खून घ्या. ती मरते कशी? म्हातारीला मारताना रास्कोल्निकोव्हने दार लावलेले नव्हते, म्हणून ती सरळ आत येते. त्याच्या सिद्धांतात लिझावेताला जागाच नव्हती. म्हातारी निरुपयोगी, तिला मारून हजारांचे भले होईल, असे गणित त्याने मांडले होते. ह्या गरीब, निरुपद्रवी बाईसाठी त्याच्याजवळ कोणतेही गणित नव्हते. तिला आत आणले ते उघड्या राहिलेल्या दाराने. हाच खून एखाद्या बंद बागेत, कित्येक दिवस पाळत ठेवून, स्वस्थपणे झाला असता तर दुसरा खून झालाच नसता, आणि त्याचा सिद्धांत तेथल्या तेथे खोटा पडला नसता. जागा बदलली की गोष्टीचा अर्थच मोडतो. ज्या जागेच्या बाबतीत असे होते ते काळस्थळ. ज्या जागेच्या बाबतीत काहीच बिघडत नाही ती नुसती पार्श्वभूमी.

चौथे काम : ह्या काळस्थळाला छेद देणारी दुसरी जागा कादंबरीत आहे काय हे शोधावे. एकाच रंगाच्या कागदावर त्याच रंगाची रेघ दिसत नाही, तुलना हवी. येथे ती उपसंहारात आहे. उपसंहारात आपण एकदम सैबेरियात जातो. एका रुंद, ओसाड नदीचा काठ, आणि त्यावर वसलेले गाव. कैद्यांना कामासाठी नदीकाठी नेलेले आहे. वसंताचे उबदार दिवस, सकाळची वेळ. रास्कोल्निकोव्ह एका ओंडक्यावर बसून नदीपलीकडे पाहतो. तेथे उन्हात पसरलेले अफाट माळरान, आणि त्यावर भटक्या लोकांचे तंबू ठिपक्यांएवढे दिसतात. लेखक तेथे बायबलमधल्या अब्राहामाच्या काळाची आठवण करून देतो. जणू तो काळ अजून सरलेलाच नाही. सोनिया येऊन शेजारी बसते, आणि त्याच्या आत काहीतरी हलते.

ह्या जागेत दार नाही, जिना नाही, भिंतही नाही. आणि काळ? पंधरवड्याची कथा संपून येथे वर्षांचा हिशेब सुरू झाला आहे. खुनाला दीड वर्षाच्या आसपास काळ लोटला. शिक्षेची सात वर्षे अजून उरली आहेत, आणि ती दोघांना फार वाटत नाहीत. ज्या माणसाला पीटर्सबर्गमध्ये एक संध्याकाळ नीट घालवता येत नव्हती, त्याला सात वर्षे मिळाली आहेत!

एवढे काम झाल्यावर निबंधाचे विधान आपोआप तयार होते. मी ते असे मांडीन : ह्या कादंबरीत गुन्हा घडतो तो उंबरठ्यावरच्या, लांबी नसलेल्या काळात, आणि शिक्षेचा खोल अर्थ तुरुंग हा नसून, टिकणारा काळ पुन्हा वाट्याला येणे हा आहे. हे विधान चांगले का? कारण ते खोडून काढता येण्यासारखे आहे. कोणी कादंबरी उघडून ‘हे पाहा, येथे तसे नाही’ असे म्हणू शकतो, आणि आपल्याला उत्तर द्यावे लागते. ‘कादंबरीत काळ व स्थळ यांचा सुंदर मेळ साधला आहे’ हे वाक्य कोणालाच खोडता येत नाही, म्हणून ते काहीच सांगत नाही.

ह्या विधानाच्या पुष्टीसाठी एक प्रसंग पुरेसा आहे, आणि मला वाटते तोच ह्या कादंबरीचा कणा आहे. कबुली देण्यासाठी रास्कोल्निकोव्ह पोलिसचौकीचा जिना चढून वर जातो. वर एक अधिकारी गप्पा मारत बसतो, बोलण्याच्या ओघात स्विद्रिगाइलोव्हने स्वतःला गोळी घालून घेतल्याची बातमी कळते, आणि हा काहीही न सांगता उलट फिरून जिना उतरतो. कबुली राहून गेली! खाली अंगणात सोनिया उभी आहे, चेहरा पांढराफटक पडलेला. ती त्याच्याकडे पाहते. तो थोडा वेळ थांबतो, आणि तोच जिना पुन्हा चढून जाऊन गुन्हा कबूल करतो.

खुनाच्या संध्याकाळी जिना ही पळून जाण्याची जागा होती. येथे तीच जागा परतून येण्याची होते. ‘मी हे केले’ असे म्हणायला काय लागते? ज्याने ते केले तो आणि आज जो बोलतो आहे तो, हे दोघे एकच आहेत, हे मान्य करावे लागते. म्हणजे कालचा क्षण आणि आजचा क्षण ह्यांच्यामध्ये धागा असावा लागतो. ज्याचे आयुष्य सुट्या क्षणांचेच झाले आहे त्याला आपल्या कृत्याची जबाबदारी घेता येत नाही. त्याच्याजवळ ती ठेवायला जागाच नसते. दुसऱ्यांदा चढलेल्या त्या पायऱ्यांवर रास्कोल्निकोव्हचा काळ पहिल्यांदा जोडला जातो. सैबेरियातली सात वर्षे सुरू होतात ती तेथून.

आता ह्या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निबंधात त्या स्वतःहून मांडाव्यात. पहिली अशी की सगळी पात्रे उंबरठ्यावर राहत नाहीत. रझुमिखिन पाहा. तो भाषांतरे करतो, प्रकाशनाचा धंदा काढण्याचे बेत करतो, पैशाचा हिशेब मांडतो, रास्कोल्निकोव्हच्या बहिणीशी लग्न करतो. त्याच्या काळाला उद्या आहे. तेव्हा ‘ही सारी कादंबरी उंबरठ्याची आहे’ असे लिहिणे चूक. एका कादंबरीत अनेक काळस्थळे शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांच्यातले मुख्य कोणते एवढेच आपण म्हणू शकतो. दुसरी मर्यादा उपसंहाराविषयीची. तो भाग ओढूनताणून जोडलेला आहे, अशी तक्रार अनेक वाचकांनी केली आहे. काळस्थळाच्या साह्याने आपण एवढे दाखवू शकतो की, त्या भागातली मोकळी जागा आणि लांब काळ ही आधीच्या कोंडलेल्या जागांची आणि तुटलेल्या काळाची नेमकी उत्तरे आहेत. पण नायकाच्या मनातला पालट आपल्याला पटतो की नाही, ह्याचा निकाल त्यातून लागत नाही. तो निराळा वाद आहे, आणि तो निराळाच लढवावा.

दोन खोड्या मात्र टाळाव्यात. एक म्हणजे काळस्थळ म्हणून नुसता ऐतिहासिक काळ सांगणे : ‘1860 च्या सुमाराचे पीटर्सबर्ग’ असे लिहून मोकळे होणे. ती माहिती खरी आहे, पण त्या शहरात त्याच वर्षी वेगळ्या गतीची कादंबरी लिहिता आली असती. दुसरी म्हणजे प्रत्येक जागेला चिन्ह करून टाकणे. जिना म्हणजे अधःपात, दार म्हणजे मृत्यू, अशी कोष्टके मांडणे सोपे असते. पण पोलिसचौकीचा जिना आपण आताच पाहिला. तो उतरताना पळवाट आहे आणि चढताना कबुली. एका चिन्हाला एकच अर्थ चिकटवणाऱ्याला ही गोष्ट दिसणारच नाही. जागेचा अर्थ तिच्यात माणूस कोणत्या काळातून चालला आहे त्यावर ठरतो.

रास्कोल्निकोव्हने फाटकापासून म्हातारीच्या घरापर्यंतची 730 पावले मोजली होती. पोलिसचौकीचा जिना दुसऱ्यांदा चढताना त्याने पायऱ्या मोजल्या नाहीत. हे का, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर पुस्तक उघडून ज्याने शोधले, त्याचा निबंध चांगला होईल.